झाकणावरचा आकडा

फरशीवर इपॉक्सी, म्हणजे ओतला की सुकून गुळगुळीत टणक होणारा थर, ओतायचं काम आम्ही दोघं नवरा-बायको करायचो. लोकांना नवल वाटायचं. वर्ध्यात या कामात दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. रेझिन मी ओतायचो, ते सुकवणारा हार्डनर ती तोलून टाकायची. बकेटीत हार्डनर गेला की ती मोठ्यानं म्हणायची, "पडला." मग मी ड्रिलला लावलेली रवी फिरवायचो आणि घोळून झालं की म्हणायचो, "घोळला." त्यानंतरच बकेट जमिनीवर उलटी व्हायची. एकोणीस वर्षांत हा शिरस्ता मोडला नाही, अन् एकदाही फरशी चिकट राहिली नाही.

मग लेकीला पुण्यात बाळ झालं. ही तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. लेकीची नोकरी, बाळाचं दुखणं, असं करत आठवा महिना लागला. ती जाताना मी चिडलेलो होतो, बोललो ते बोललो. "तुझ्यावाचून माझं काई अडत नाई," असं मी स्टेशनवर म्हणालो. ती पिशवी उचलून डब्यात चढली.

अडलं मात्र रोज. एकट्यासाठी दोन पोळ्या लाटायच्या, त्याही जळायच्या. घरात इतकी शांतता की मी टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत बसायचो. फोनवर आम्ही बाळाचं बोलायचो, हवेचं बोलायचो. 'ये' हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. मरणाचा ताठा आमच्या घराण्यात.

कामं तरी कशी घेत होतो? लहान लहान. तयार जोडडबे आणायचे, छोटा डबा अख्खा मोठ्या डब्यात उलटा करायचा, तोलायची भानगडच नाही. पण डिसेंबरात समुद्रपूरच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचं काम आलं. हळद दळून पाकीटबंद करायची खोली, सहा मीटर बाय पाच. लायसनसाठी तपासणी व्हायची होती, फरशी गुळगुळीत, बिनफटीची हवी. पुढच्याच आठवड्यात माणूस येणार होता. फरशी बिघडली तर लायसन लांबणार आणि त्याचा हंगाम जाणार.

हिशोब मी बसल्या जागी केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर माल. तीस चौरस मीटर, तीस लिटर. हा माल पाण्याच्या दीडपट जड, म्हणून पंचेचाळीस किलो. प्रमाण पाचास एक, आणि तेही वजनानं; मापानं घेतलं की गेलाच बारा गडगड्यांच्या विहिरीत. पंचेचाळीसचे सहा भाग, एक भाग साडेसात. म्हणजे हार्डनर साडेसात किलो, रेझिन साडेसदतीस. सांडलवंड धरून रेझिनच्या वीस-वीस किलोच्या दोन बकेटी घेतल्या. त्याच जातीच्या हार्डनरचा एक ड्रम घरी बंद पडून होता, तो उचलला. अर्ध्याच्या वर भरलेला वाटला. वाटला म्हणजे हालवून पाहिला, बस.

सकाळी काम लावलं. पाच घाणे काढायचे: दर घाण्याला साडेसात किलो रेझिन, दीड किलो हार्डनर, त्यात सहा चौरस मीटरचा पट्टा. माल एकदा घोळला की अर्धा-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतो, म्हणून थोडा थोडा करायचा. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याचं रेझिन बकेटीत ओतलं आणि व्यापारी दारातून विचारायला लागला, भिंतीच्या कडेला गोलाई देणार की नाही. बूट घालून आत पाऊल टाकणार तेवढ्यात मी ओरडलो. तो बिचारा मागं सरकला. मी गोलाईचं समजावलं, वळलो, रवी फिरवली, ओतलं, दातेरी पत्र्यानं ओढलं. माल जरा जाड वाटला. थंडी आहे, म्हटलं.

चौथ्यासाठी हार्डनरचा मग हातात घेतला आणि थांबलो. तिसऱ्यात हार्डनर पडला होता का?

आठवेना. हातातला मग ओला होता, पण तो आधीच्या दोन वेळचाही असेल. नुसतं रेझिन असेल तर ते जन्मात सुकत नाही. सहा चौरस मीटरचा चिकट पट्टा खोलीच्या मधोमध. आणि अंदाजानं वरून हार्डनर टाकावा तर, पडलेला असेल तर दुप्पट होईल, तरी फरशी वायाच. "पडला" म्हणणारं कोणी नव्हतं. मी त्या खोलीत ओल्या मालावर चालायचे खिळ्यांचे बूट घालून उभा होतो आणि मला रडू यायला लागलं. या वयात.

मी तिला फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात.

तिनं बाळाला कोणाकडे तरी दिलं असावं. मग म्हणाली, "झाकण पाहा. मी लिहून ठेवलं हाय."

ड्रमचं झाकण मी सकाळी काढून उताणं ठेवलं होतं. उलटं केलं. मार्करनं तिच्या हातचा आकडा: ड्रमासकट १४.५. तेव्हा आठवलं. गाडीच्या आदल्या संध्याकाळी ती घरामागच्या गोदामात बसून सगळे डबे तोलत होती, आणि मी ओरडलो होतो की बॅग भरायची सोडून हे काय चाळे. ती म्हणाली होती, तुमाले लागन.

ड्रम काट्यावर ठेवला. तीन वेळा दीड म्हणजे साडेचार गेले असतील, तर दहा भरायला हवं होतं. काट्यानं साडेअकरा दाखवलं.

"साडेअकरा," मी म्हणालो.

"म्हंजे तिसऱ्यात नाई पडला. खरडा. वेळ हाय अजून."

फोन खिडकीत स्पीकरवर ठेवून मी पट्टा खरडला, बकेटीत भरला, खाली थिनरचं फडकं मारलं. तोलला तर साडेसहा किलो परत आलं. जास्तीचं एक किलो घालून पुन्हा साडेसात केलं, दीड किलो हार्डनर मोजला.

"पडला का?" खिडकीतून आवाज आला.

"पडला."

"घोळा मंग."

दुसरा पट्टा अजून ओलाच होता, कड जुळून आली. चौथ्याला तिनं विचारलं, पाचव्याला विचारलं. मधेच मागं बाळ रडत होतं, तरी तिनं फोन ठेवला नाही. मी मागं मागं सरकत दाराबाहेर आलो. फरशी आरशासारखी पडली होती आणि तिच्यावर कोणालाही पाय ठेवता येणार नव्हता, मलासुद्धा.

"झालं," मी म्हणालो. "तू नाई तं मले नाई जमून राह्यलं. स्टेशनवर बोललो ते खोटं होतं."

ती मग म्हणाली, "ड्रम तोला. झाकणावर लिहा."

तोलला. ड्रमासकट सात किलो. तिच्या आकड्याखाली मी माझ्या वाकड्या अक्षरात ७.० लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "तेवढ्यात पुढची एखादी लहान खोली होते. ते काम थांबवून ठेवजा, मी आल्यावर करू."