आत्यांचं 'म्हंजे काय केलं?'

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोघम उत्तर चालायचं नाही. माझा नवरा संदीप वाळूजच्या कंपनीतून घरी येऊन "आज लई काम होतं" म्हणाला, की त्या विचारायच्या, "म्हंजे काय केलं?" मग नवरोजी वैतागून कोणतं मशीन बंद पडलं इथपासून साहेब काय बोलले इथपर्यंत सगळं सांगायचे, तेव्हा कुठं ताट वाढलं जायचं. आत्या आमच्याकडं राहू लागल्यावर पहिलं वर्षभर मला ही पोलीस चौकशीच वाटायची.

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा चिऊ दहा महिन्यांची होती. तिच्यासाठी आत्या पिशोरचं शेत धाकट्या दिरांवर सोपवून आमच्याकडं आल्या. "तीन वर्षांचा प्रश्न आहे," मी ऐटीत म्हणाले होते. सात लागली. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, मग मुदतवाढीचे अर्ज, मग प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडं गेल्यावर नुसती वाट पाहणं. "अजून चालूच का?" हे अख्ख्या भावकीनं विचारलं. आत्यांनी कधीच विचारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त धाक वाटायचा.

माझा विषय होता खेड्यातल्या बायकांचं न मोजलं जाणारं काम. पहिल्या चाळीस प्रश्नावल्या मी पिशोरलाच भरून आणल्या. "तुम्ही काय काम करता?" या प्रश्नापुढं जवळजवळ सगळीकडं एकच उत्तर होतं: काही नाही, घरीच असते. आत्यांनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "असं इचारतात व्हय? सकाळी उठल्यावर काय केलं, मग काय केलं, असं इचार. बाई आपसूक बोलती." मी चिडले, रडले आणि पुन्हा त्याच चाळीस जणींकडं गेले. या खेपेला एकेकीचं उत्तर कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत गेलं. जुने कागद मी रद्दीत टाकायला काढले, तर आत्यांनी ते परत घेतले. "बायांनी अंगठे दिलेत त्याच्यावर. रद्दीत कशी टाकती?"

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आत्या चिऊला घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. माझं पंचवीस मिनिटांचं सादरीकरण बरं झालं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपला अहवाल उघडला आणि तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं. "तुम्ही मध्येच प्रश्न बदलला. मग आधीची आणि नंतरची उत्तरं एका तक्त्यात कशी?"

"आधीची घेतलेली नाहीत, सर. त्याच चाळीस जणींना पुन्हा भेटले."

"प्रबंधात तसं कुठं आहे? 'प्रश्नात सुधारणा केली' एवढीच ओळ आहे. कुणी सुचवली, का केली?"

मार्गदर्शक बाईंनी मान खाली घातली होती. सात वर्षं या एका ओळीवर अडकणार, असं वाटलं. चौथी शिकलेल्या सासूनं संशोधकाची चूक दाखवली, हे लिहायची मला लाज वाटली होती. तेवढंच कारण होतं, आणि मी ते तसंच सांगून टाकलं. "त्या मागं बसल्या आहेत. भरलेल्या प्रश्नावल्यांचे दोन्ही संच त्यांनी घरी जपून ठेवलेत."

परीक्षकांनी चष्मा काढून मागं पाहिलं. हसले नाहीत. "बाहेर थांबा," एवढंच म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही दहा मिनिटं थांबलो. आत्या चिऊची रिबीन पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या. आत बोलावलं तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी उभं राहून वाचलं: पदवीसाठी शिफारस करण्यात येत आहे. अट एकच, अंतिम प्रतीत तो बदल खरा खरा लिहायचा. मी रडले. आत्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, तेही सगळ्यांच्या देखत.

त्याच संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. उद्या सकाळच्या गाडीनं पिशोर. "झालं ना तुझं? आता शेत बघते." मला भडभडून आलं. परीक्षेनंतर मिळालेल्या शाल-गुच्छाचा फोटो स्टेटसला टाकायचा होता, म्हणून त्याखालची ओळ त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवली. "सात वर्षं घर सांभाळणाऱ्या माझ्या कुटुंबाचे मनापासून आभार."

त्या घड्या घालता घालता थांबल्या. "सांभाळलं? म्हंजे काय केलं?"

कितीतरी बायकांच्या दारात जाऊन मी तो प्रश्न विचारला होता. माझ्याच घरातल्या बाईला विचारायचा राहिला होता. मी ओळ खोडली आणि त्यांच्यापुढं जमिनीवर बसले.

"आत्या, आज सकाळी उठल्यावर काय केलं?"

त्या जरा लाजल्या. मग म्हणाल्या, "पाचला उठले. आधी तुझ्या टेबलावरचा दिवा बंद केला. रोज तू तसाच ठिवून झोपती."

स्टेटसची पहिली ओळ मी तीच लिहिली. पुढं त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले.