काडी काढलेलं पत्र

“काडी काढा, मग बोला.”

रायगोंडा पाटलाचं हे बोलणं तासगावच्या साऱ्या शेडवाल्यांना पाठ होतं. बेदाणा तयार झाला की जाळीवरून झाडतात, यंत्रातून काढतात, तरी मण्याच्या बुडाला बारीक काडी राहून जाते. ती बोटानं मोडावी लागते. काडीसकट माल वजनात भरतो, पण दाताखाली आला की खाणारा थुंकतो. म्हणून कुणी माल दाखवायला आणला, की रायगोंडा ओंजळ पसरायचा आणि म्हणायचा, काडी काढा, मग बोला. पुढं पुढं ते बोलणं बेदाण्यापुरतं राहिलं नाही. कुणी लांबण लावली, उधारीची कहाणी सांगितली, उशिरा येऊन बसगाडीला बोल लावला, की त्याचं तेच.

माणूस उंचापुरा, दाट मिशीचा. द्राक्षाची बाग स्वतःच्या हातानं वाढवलेली, बागेच्या टोकाला बेदाण्याची शेड, आणि शेडपासून हाकेच्या अंतरावर घर. बाग आणि घर यांच्यामधून एक पायवाट जाते, दोन्ही बाजूंना शेवग्याची झाडं. पंचवीस वर्षांपूर्वी चंदनबाला त्याच वाटेनं नवरी होऊन आली होती. हे गावाला आठवत होतं. रायगोंडाला तेवढं त्या मंगळवारी आठवलं नाही.

मंगळवारी बाजारात बेदाण्याचा सौदा होता. सकाळी अंघोळ करून तो बाहेर पडला, तेव्हा चंदनबाला नवं लुगडं नेसून, केसात फुलं माळून दारात उभी होती. “आज लवकर याल न्हवं?” एवढंच म्हणाली. “यितो की,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

चंदनबालाचा एक नेम होता. लहानपणापासून ती दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावत नसे. माहेरी सगळेच पाळायचे, सासरी सासू होती तोवर घरच पाळायचं. रायगोंडाचा नेम मात्र बागेनं कधीच मोडला होता. फवारणी, छाटणी, सौदा. मिळेल तेव्हा जेवायचं. त्यामुळं वर्षानुवर्षं नवरा-बायकोची ताटं एका वेळी पडत नव्हती. यंदा तिनं मनात धरलं होतं, की पंचविसाव्या वर्षी एक दिवस दोघांनी उजेडात एकत्र बसून जेवायचं. ती कुणाला बोलली नाही. बोलून घडवलं तर त्यात काय गोडी?

दुपारी तिनं पुरण शिजवलं, कटाची आमटी केली. दोन ताटं मांडली, झाकून ठेवली आणि दारात बसली. शेवग्याच्या सावल्या लांब झाल्या. सूर्य बागेच्या तारांमागं उतरला, लाल झाला, बुडाला. तिनं उठून आपलं ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं.

रायगोंडा अंधार पडल्यावर आला. माल चांगल्या दरानं गेला होता, अंगात आनंद होता. त्यानं दोन पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या, तिसरी मागितली.

“आज कसला सण गं?”

“सण न्हाई.”

“मग पुरण कशाचं?”

“असंच.”

“असं असंच रोज करत जा,” असं म्हणून तो हसला, हात धुतला आणि पडल्या पडल्या घोरू लागला.

सकाळी सांगलीहून आर्जवचा, म्हणजे पोराचा, फोन आला. “आप्पा, काल आईला फोन केला तर म्हणाली तुम्ही अजून आला नाही. पंचविसावा वाढदिवस लग्नाचा, कुठं गेला होता?”

रायगोंडा चहाची कपबशी हातात धरून उभाच राहिला. समोर स्वयंपाकघरात पालथं घातलेलं ताट दिसत होतं. बाकीची भांडी खरकटी, ते एकच स्वच्छ. ते बघून त्याला सगळं कळलं, आणि कळलं तसं त्यानं माणसं करतात तेच केलं. फोनमध्ये शोधून गुलाबाच्या फुलांचं एक चित्र तिला पाठवलं. खाली शुभेच्छा छापलेल्या होत्या. चार पावलांवर तिचा फोन टिंग वाजला. तिनं बघितलं.

“पोचलं,” म्हणाली, आणि धुणं घेऊन गेली.

ती भांडली नाही, हेच वाईट होतं. चहा वेळेवर, भाकरी वेळेवर. पण एरवी सारखं “आवं, ऐकलं का?” म्हणणारी बाई आता फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायची. रायगोंडानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा “काय झालं, त्या दिवशी सौदा...” अशी सुरुवात झाली, आणि ती “बरं” म्हणून निघून गेली. घरातलं बोलणं असंच आटत गेलं तर पुढची पंचवीस वर्षं काढायची कशी, याची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

शेजारच्या शेडचा भाऊसो पलटणीतून हवालदार होऊन आलेला. सीमेवरून बायकोला पत्रं लिहून लिहून त्याचा हात बसलेला. तो म्हणाला, “गड्या, तोंडानं बोलायला गेलास की तू वकील हुतोस. कागदावर लिही.”

“मी आणि पत्र?”

“मग काय मी लिहू? बायको तुजी हाय.”

दुपारच्या वेळी शेडमध्ये खोक्यावर कागद ठेवून रायगोंडा बसला. बाजूला पांढऱ्या कापडावर बेदाण्याचा ढीग, आणि ढिगाशी शेडवर कामाला येणारी बनुबाई काड्या मोडत होती. तिची बोटं चालत होती, कानही.

भाऊसो सुचवत होता. “लिही, सौदा लांबला. आता लिही, फोनची बॅटरी संपली.”

“संपली न्हवती रं.”

“बरं, ते सोड. पंचांग काढ. तितीनं लग्न कवाचं?”

भिंतीवरचं पंचांग बघितलं. तिथीनं दिवस अजून यायचाच होता. भाऊसोनं मांडीवर थाप मारली. “मग तू विसरलासच न्हाईस. वाचलास, गड्या.”

रायगोंडाचं तोंड उजळलं. त्यानं तेही लिहिलं. पान भरलं. मग घसा साफ करून त्यानं मोठ्यानं वाचलं. सौदा होता म्हणून उशीर झाला, दर चांगला मिळावा तो घरासाठीच, मी काही माझ्यासाठी राबत नाही, तिथीनं दिवस अजून आहे, तरी तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.

शेडमध्ये वारा जाळ्यांतून सळसळत गेला. बनुबाईनं मान वर न करता म्हटलं, “आण्णा, काड्या लय हायत्या.”

भाऊसो हसला. रायगोंडा हसला नाही. त्यानं कागद पुन्हा धरला आणि बोटानं एकेक ओळ चाचपू लागला. सौदा, ही काडी. घरासाठी राबतो, ही तर जाड काडी, उलट तिच्यावरच उपकार चढवणारी. तिथी मोडताना मात्र त्याचा हात अडला, कारण ती खरी होती. पण खरी असली तरी काडीच. चंदनबालानं ताट तारखेला मांडलं होतं.

“आणि ते ‘वाईट वाटलं असंल तर’?” बनुबाई म्हणाली. “वाटलं असंल तर कसं? वाटलंयच की.”

“तू बेदाणा बघ,” रायगोंडा म्हणाला, पण ‘तर’ त्यानं खोडला. सगळं खोडून झाल्यावर पानावर ‘माफ कर’ एवढंच उरलं. त्याला नवल वाटलं. एवढं लिहिलं आणि आत मणीच नव्हता. आपण काय केलं, हेच कुठं आलं नव्हतं.

त्यानं नवा कागद घेतला. या खेपेला भाऊसोला बाहेर बसवलं. सावकाश, जड हातानं, बागेत वेलाची फांदी तारेला बांधावी तसा एकेक शब्द बसवत लिहिलं:

‘सौ. चंदनबाला हीस,

मंगळवारी आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी विसरलो. सकाळी तू नवं लुगडं नेसली होतीस, केसात अबोली माळली होतीस. मी बघितलं आणि काही विचारलं नाही. तू लवकर या म्हणालीस, मी येतो म्हणालो, आणि आलो नाही.

तू दोन ताटं मांडलीस. दिवस मावळला. तू उपाशी राहिलीस, आणि मी तुझ्यासमोर बसून तुझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. सण कसला म्हणून विचारलं आणि वर हसलो. तू जेवलीस का, हे विचारलं नाही. विसरण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर फुलं पाठवली, ती तुझ्यासाठी नव्हती. मला सुटायची घाई झाली होती.

मी तुझी माफी मागतो. ती तू द्यावीसच असं नाही. राग असेल तितके दिवस असू दे.

गेलेला दिवस मला परत आणता येत नाही. आजपासून दिवस मावळायच्या आत मी घरी जेवायला येईन. सौद्याच्या दिवशी जमणार नाही, ते खोटं सांगत नाही. त्या दिवशी येणार नाही, हे आदल्या दिवशी सांगेन, म्हणजे तू दारात बसणार नाहीस.

रायगोंडा’

पत्र त्यानं हातात दिलं. उशाखाली ठेवून पळाला नाही. चंदनबाला चुलीपाशी कांदा चिरत होती. तिनं पदराला हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, मग मधलाच एक भाग परत वाचला. रायगोंडा उंबऱ्यात उभा, शाळेत पाढे चुकलेल्या पोरासारखा.

“अबोली न्हवती,” ती म्हणाली. “मोगरा हुता.”

‘लांबनं दिसलं न्हाई’ हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले. त्यानं ते गिळले.

“चुकलं.”

“मग नीट करा की.”

त्यानं खिशातलं पेन काढलं, ओट्यावर कागद ठेवला, अबोली खोडली आणि वर मोगरा लिहिलं. तिनं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचला. माफ केलं म्हणाली नाही. कांद्याकडं वळली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, “आवं, आज कालवण तिखट करू का बेतानं?”

“बेतानं,” तो म्हणाला. मग तो शेडवर परत गेला.

संध्याकाळी शेडसमोर चारचाकी थांबली. सांगलीहून व्यापारी माल बघायला आला होता, अगोदर न कळवता, व्यापाऱ्यांची रीत तीच. बनुबाईनं ओंजळभर बेदाणा थाळीत काढला. रायगोंडानं तारांमागं उतरणाऱ्या सूर्याकडं बघितलं आणि पायांत चपला सरकवल्या.

“भाऊसो, पावण्यास्नी माल दाव. दर सकाळी बोलू.”

“आरं, थांब की गड्या. आलेलं गिऱ्हाईक. तू गेलास कुठं म्हणून काय सांगू?”

“काय सांगू नगंस. जेवायला गेलाय म्हण.”

“इतक्या उजेडाचं?”

रायगोंडा पायवाटेला लागला. शेवग्याच्या सावल्या लांब पडल्या होत्या, त्या एकेक ओलांडत, ना धावत ना रेंगाळत, उंच माणूस चालतो तसा तो चालला. शेडच्या दारात भाऊसो, व्यापारी आणि बनुबाई बघत राहिले. बनुबाईच्या बोटांत एक मणी होता, त्याची काडी मोडायची ती विसरली होती.

आणि घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडया गोळा करता करता चंदनबाला उभी राहिली. तिनं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा वाटेवरून येणाऱ्या रायगोंडाकडं. सूर्य अजून बुडाला नव्हता. तिनं परात कमरेवर घेतली आणि ताटं मांडायला खाली उतरली.