सवलतरावांचं वर्ष

माझ्या आत्याच्या यजमानांना अख्खा नात्यागोत्याचा पसारा सवलतराव म्हणतो. तोंडावर मात्र आतोबा. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतलाय: सरकारला एक छदाम जास्त जाता कामा नये. लोक नफा झाला की खूश होतात, हे तोटा झाला की. आर्थिक वर्ष संपत आलं की पडलेले शेअर शोधून विकायचे, तो तोटा दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा करायचा आणि घरभर सांगत फिरायचं, "तोटा पदरात पाडून घेतला!" ते शेअर एवढे पडेपर्यंत सांभाळले कोणी, हे विचारलेलं त्यांना आवडत नाही.

आत्या लहान मुलांचे कपडे शिवते. दोन शिलाई मशिनी बैठकीच्या खोलीत, कापलेलं कापड जेवणाच्या टेबलावर, आणि मापं द्यायला आलेली पोरं सोफ्यावर उड्या मारताहेत, असा संसार. इमारतीखालचा गाळा विकायला निघाला तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी उजळलेला मी पाहिला. पैसेही होते. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, गेले तेव्हा त्यांचे शेअर तिच्या नावावर झाले होते. ते विकले की गाळा तिचा. मालकाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती.

सवलतरावांनी हात वर केला. "विकायचे नाहीत! तुझ्या नावावर येऊन वर्ष झालेलं नाही. आत्ता विकलेस तर अल्प मुदतीचा नफा, कर जास्त. चार महिने कळ काढ, दीर्घ मुदतीचा होईल, कर कमी."

"आणि गाळा?" आत्याने विचारलं.

"गाळे काय, छप्पन्न मिळतील."

मी एका करसल्लागार बाईंच्या ऑफिसात काम करते. आत्या म्हणाली, भाचीला विचारू या. तर सवलतराव म्हणाले, "तिला काय विचारायचं? मी कर वाचवतोय ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून." हे मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

तेवढ्यावर भागलं नाही. आत्याने शिवणाच्या पैशातून पंपांच्या एका कंपनीचे शेअर घेतले होते, ते पडले होते. त्यांना वर्ष व्हायला थोडेच दिवस होते. आत्याच्या शेअर खात्याचा पासवर्ड सवलतरावांकडेच असायचा; त्यांनी घाईघाईने ते मात्र विकून टाकले. का, तर वर्षाच्या आतला तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, वर्षावरचा फक्त दीर्घ मुदतीच्या. पुढे त्या पंपांनी अशी उसळी मारली की आत्याने त्या कंपनीचं नाव काढणंच सोडलं.

महिना संपला. गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतला. चार महिने उलटल्यावर सवलतराव आत्याला घेऊन विजयी वीरासारखे आमच्या ऑफिसात आले. "आता बिनधास्त विकतो. फक्त हिशेब बघा."

बाईंनी कागद पाहिले. "हे वडिलांकडून आलेत ना? त्यांनी कधी घेतले होते?"

"त्यांनी? झाली असतील पंधरा वर्षं. त्याचा इथे काय संबंध?"

"वारशाने आलेल्या शेअरला आधीच्या मालकाने सांभाळलेला काळही धरतात. तुमच्या नावावर आले त्या दिवशीसुद्धा हे दीर्घ मुदतीचेच होते. थांबायचं काही कारण नव्हतं."

मला इतका राग आला की पेन टेबलावर आपटलं.

"आणि पंपांचे का विकले?" बाईंनी विचारलं. "नफा दीर्घ मुदतीचाच करायचा होता, तर वर्षावरचा तोटाही त्यातून वजा झालाच असता."

खोटं नाही सांगत, सवलतरावांचा चेहरा फुलला. "पण तो तोटा वजा होणारच ना?"

"होईल."

"बघ!" ते आत्याकडे वळले. "म्हणजे कर आणखी कमी! मी म्हटलं नव्हतं?"

आत्याच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता, तो तिने काढून टाकला. मग खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं.

"माझ्या खात्याचा पासवर्ड बदल. आत्ता, माझ्यासमोर."

"अगं, पण मला कळायला नको का नवा काय ते?" सवलतराव म्हणाले.

"तुम्हाला काय करायचाय?" आत्या म्हणाली. "माझ्या खात्यात आता तोटा उरला नाही. तुम्ही होतात, तोवर होता."