पुडीवरची एक रेघ

माझी मुलगी फार्मसी शिकली. नोकरीच्या अर्जासोबतचं एक पानाचं पत्र लिहायला तिला तीन दिवस लागले, आणि ते ऐकून मला वाटलं, एवढं शिकून पोरगी मुकी झाली.

गोंदियाच्या एका मोठ्या दवाखान्यात औषध विभागात जागा निघाली होती. पत्र इंग्रजीत. तिनं मोबाईलवरून कुठलं तरी उतरवलं आणि मला मराठीत अर्थ लावत वाचून दाखवलं. मी अत्यंत अचूक आहे. रुग्णांच्या समुपदेशनाची मला तळमळ आहे. नियमांची मला सखोल जाणीव आहे. मी चौथी शिकलेला माणूस, पण पोत्यात वरच्या थराला चांगला धान कोण भरते, एवढं मला कळते.

"हे कोनाबद्दल वाचून राहिली तू?"

"माझ्याबद्दल, बाबा."

"मले तर याच्यात कोनी ओळखीचं दिसलं नाही."

ती चिडली. सगळे असंच लिहितात म्हणाली. सगळे लिहितात म्हणूनच कोणी वाचत नसेल, मी म्हटलं.

तिला घाई होती. आधीचे दोन अर्ज वाया गेले होते, आणि आमगावचा एक औषध दुकानदार पेढे घेऊन दोनदा येऊन गेला होता. त्याला पोरगी नको होती, तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. ते भिंतीवर टांगायचं, गोळ्या त्याचा भाचा देणार, हिनं घरी बसून महिन्याला पैसे घ्यायचे. पेढे देऊन केलेला गुन्हा गोड लागत असेल त्याला. हाही अर्ज गेला तर देऊन टाकते प्रमाणपत्र, पोरगी म्हणाली.

अशाच भिंतीवर टांगलेल्या एका प्रमाणपत्राखालून माझ्या बायकोच्या गोळ्या आल्या होत्या. प्रमाणपत्रवाला कधी दिसला नाही. तिचे सांधे आखडले होते. डॉक्टरनं चिठ्ठीत आठवड्यातून एक गोळी लिहिली होती. आमच्याकडे वाचता न येणाऱ्यासाठी दुकानवाले पुडीवर रेघा ओढतात. एक रेघ म्हणजे रोज एक, दोन म्हणजे रोज दोन. आठवड्याची रेघ कोणी काढलीच नाही. काउंटरवरच्या शहाण्यानं एक रेघ ओढून दिली. ती रोज गोळी खात गेली आणि मी रोज पाण्याचा गिलास देत गेलो. अकराव्या दिवशी तिचं तोंड आतून सोललं, ताप चढला. मुलगी तेव्हा नागपूरला शिकत होती. ती येऊन चिठ्ठी वाचेपर्यंत तिची आई गेली होती. चिठ्ठीतलं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण तोंड तर होतं. विचारलं नाही.

म्हणून त्या पत्राचा मला राग आला. पोरगी सालेकशाच्या एका औषध दुकानात वर्षभर बसली, तिथं काय केलं ते लिही म्हटलं. त्यात काय लिहायचं, ती म्हणाली. मग मीच एकेक विचारत गेलो.

आठवड्याची गोळी असली की ती रेघ ओढतच नव्हती. महिन्याच्या चार गोळ्या चार वेगळ्या पुड्यांत घालायची, एका बाजाराला एक पुडी. आठवडी बाजार इकडे कोणी विसरत नाही. मग माणसाकडून परत वदवून घ्यायची, गोळी कधी, कशी. स्ट्रिप कापायची ती नाव आणि मुदत राहील अशी. दोन गोळ्यांची नावं सारखी दिसली की वेगळ्या फळीवर. आणि ज्या औषधांची वेगळी वही तीन वर्षं जपावी लागते, त्यातलं एक औषध मालकाच्या साडूला चिठ्ठीशिवाय दिलं नाही, म्हणून तिला काढलं.

"हे पन लिही."

"काढलं ते लिहू? बाबा, तुम्ही पागल झाले का?"

"काऊन? चोरी केली का तू?"

तिनं लिहिलं. आईचं मात्र लिहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दवाखान्यात मुलाखत घ्यायला मुख्य फार्मासिस्ट बाई होती. तिनं बाजाराच्या पुड्यांच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? पोरगी म्हणाली, पुस्तकात नाही, घरी शिकले. बाईनं पुढं विचारलं नाही. नोकरीचं पत्र आठ दिवसांनी आलं. दुकानदार तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला कोरा चहा पाजला आणि भाच्याला कॉलेजात घाल म्हटलं.

आता माझ्या बीपीच्या गोळ्या तिच्याच खिडकीतून येतात. मागं रांग उभी असते तरी ती मला सोडत नाही.

"बाबा, परत सांगा."

"मी का लहान पोट्टा आहो?"

"सांगा."

सकाळी एक, रोज, म्हणतो. मागचे लोक हसतात. हसू देत.