बिजागरीतली फट

अलिबागेत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन थ्रीडी प्रिंटर, एक कॉम्प्युटर आणि खिडकीतून आत येणारा सुक्या मासळीचा वास. नवी मुंबईतली नोकरी सोडून मी इकडे परतले, त्याला आता चार वर्षं झाली. मिक्सरचं तुटलेलं बटण, पंपाच्या झाकणाचा तुकडा, शाळेच्या प्रदर्शनातले नमुने, असली कामं येतात. त्यातल्याच एका लहानशा डबीने मला स्वतःविषयी जे दाखवलं, ते सांगताना आजही मान खाली जाते.

जवळच्या थळ गावचे एक काका आणि काकू दुकानात आले होते. काका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झालेले. वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारला होता. उजव्या हाताच्या बोटांत मात्र अजून जीव पुरता आला नव्हता. बाजारातल्या गोळ्यांच्या डब्यांची झाकणं त्यांना उघडत नव्हती, आणि उघडली तरी झाकण हातातून निसटून घरंगळत कपाटाखाली जायचं.

"झाकण डबीलाच राहील असं काही कर," काकू म्हणाल्या. "पन तारेची पिन नको लावू गो. आमच्याकडं खाऱ्या हवेत महिन्यात गंजते."

मी लगेच सांगितलं, पिन लागणारच नाही. डबी आणि झाकण शेजारी शेजारी, उघड्या पुस्तकासारखं आडवं छापायचं, आणि मधली बिजागरी त्याच छपाईत तयार होते. बिजागरीची नळकांडी एकाआड एक, एक डबीचं, एक झाकणाचं. प्रत्येकाच्या बाजूला शंकूसारखा उंचवटा, तो शेजारच्याच्या खळग्यात बसलेला. मशीनमधून काढायचं की झाकण हलायला लागतं. जोडणं नाही, ठोकणं नाही. हे सगळं मी फार ऐटीत सांगितलं.

काका ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"फट किती ठेवतेस?"

"ते सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं काका," मी हसून म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका."

चाळीस वर्षं बेअरिंग आणि शाफ्ट बसवलेल्या माणसाला मी हे उत्तर दिलं.

खरं म्हणजे फट किती ठेवावी याचा मी विचारच केला नव्हता. नवी मुंबईत असताना केलेली बिजागरीची एक जुनी फाइल माझ्याकडे होती. त्यात नळकांड्यांमधली फट शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर होती. तिथल्या भारी मशीनवर, एसी खोलीत, ती चालली होती. माझ्या मशीनचं तोंडच शून्य पूर्णांक चार मिलिमीटरचं. त्यातून वितळलेलं प्लास्टिक थरावर थर पडतं आणि दाबलं गेलं की जरा पसरतं. सगळ्यात खालचा थर तर मशीनच्या तापलेल्या पाटावर मुद्दाम दाबून बसवतात, म्हणजे तो सुटत नाही. तो सगळ्यांत जास्त पसरतो. त्यातून ऑगस्ट महिना. प्लास्टिकच्या धाग्याचं रीळ उघड्यावर पडून दमट झालेलं. दमट धागा वितळताना तडतडतो आणि त्याची बारीक लाळ मधल्या फटीत ओघळते. हे सगळं मला माहीत होतं. एक चाचणीचा तुकडा छापून पाहायला अर्धा तास लागला असता. मी तो छापला नाही.

निळी डबी निघाली ती सुबक. झाकण मात्र हलेना. मी कटरचं पातं फटीत घातलं, फिरवलं. तरी हलेना. मग पकडीत धरून झाकण पिळलं. टक् असा आवाज झाला आणि बिजागरी सुटली. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून मी झाकण तीस-चाळीस वेळा उघडलं, मिटलं. मग ते छान फिरायला लागलं.

कडेच्या नळकांड्यावर एक पांढरी रेघ उमटली होती. रंगीत प्लास्टिक ताणलं गेलं, तडकलं की तिथे असं पांढरं पडतं. मी ती रेघ पाहिली. नखाने घासूनही पाहिली. आणि डबी पिशवीत घालताना ती बाजू खाली येईल अशी ठेवली.

सहाव्या दिवशी दोघं परत आले. काकांनी डाव्या हाताने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत झाकण वेगळं, डबी वेगळी, आणि नळकांड्याचा एक तुकडा.

"मोडली," ते म्हणाले. "सकाळी गोळी घ्यायला उघडत होतो."

माझ्या मनात पहिली आली ती पांढरी रेघ. आणि तोंडातून निघालं ते असं:

"काका, जोर जास्त लागला असेल. हाताला अजून अंदाज येत नाही ना तुमच्या."

काकांनी उजव्या हाताकडे पाहिलं. टेबलावर तो तसाच पडला होता, बोटं जराशी आत वळलेली. "असंल," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाच म्हणाल्या, "माफ कर हां बाय, तुझी मेहनत फुकट गेली."

मी म्हणाले, असू दे काकू, दुसरी करून देते. मोठेपणा दाखवत म्हणाले.

ते गेल्यावर मी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. कशासाठी धरला, सांगता येत नाही. काकांचाच दोष असल्याचा काही पुरावा मिळेल अशी कदाचित आशा होती. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग कोरा, चकचकीत होता. तो त्या सकाळी तुटला होता. उरलेला अर्धा काळपट आणि तेलकट होता. माझं शिवणयंत्राचं तेल आत मुरलं होतं. म्हणजे तेल सोडलं तेव्हा तिथे चीर होतीच. काकांच्या हातात डबी गेली तेव्हा ती अर्धी मोडलेली होती, आणि मोडली होती मी.

तरी मी फोन केला नाही. मी कामाला लागले, जणू दुसरी चांगली डबी दिली की बोललेलं पुसलं जाणार होतं. रीळ सहा तास वाळवण्याच्या यंत्रात ठेवलं. मग पाच छोट्या बिजागऱ्यांची एक पट्टी छापली, प्रत्येकीत फट वेगळी. शून्य पूर्णांक दोनची पुन्हा चिकटूनच निघाली. तीनची जरा कुरकुरत सुटली. चारची बोटाने सहज सुटली. पाच आणि सहाच्या सुटल्या, पण डुगडुगत होत्या. त्यांच्यावर झाकण नीट बसलं नसतं. मला झाकण अगदी न डुगडुगणारं हवं होतं, म्हणून मी तीनची फट निवडली आणि डबी छापली. पकड न लावता, हातानेच सुटली.

या सगळ्यात, बाकीची कामं उरकता उरकता पंधरा दिवस गेले, मग ती घेऊन मी थळला गेले. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी डबी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तिच्याकडं दे," ते म्हणाले. "ती काढून देते गोळ्या. मी हात लावला तर पुन्हा मोडायची."

काकू दारात होत्या. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, "पंधरा दिवस झाले, कशाला हातच लावीत न्हाय. कपबशी न्हाय, शर्टाचं बटन न्हाय. बोटांचा व्यायाम पन सोडला. सांगितलं तर म्हणतात, या हाताला अंदाज न्हाय."

माझेच शब्द होते ते. डबी ठेवून निघून जाता आलं असतं. काकूंनी चहाचं विचारलं होतं, नको म्हणून उठता आलं असतं. मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"काका, ती डबी तुम्ही मोडली नाही. ती मी मोडून दिली होती."

मग सगळं सांगितलं. फाइल जुनी होती ते, पकड, तो टक् आवाज, तेल, पांढरी रेघ. रेघ पाहिली होती, हेही सांगितलं. काकूंचा चेहरा बदलत गेला. त्या आत गेल्या. चहा आला नाही.

काकांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सरळ केली.

"तू बोललीस तवा मला खरंच वाटलं," ते म्हणाले. "तू शिकलेली. म्हटलं, आता आपला हात गेलाच."

मला वर बघवेना.

"फट किती होती?"

"शून्य दोन."

"आणि ह्यात?"

"शून्य तीन."

त्यांनी डावा हात पुढे केला. नवी डबी मांडीवर ठेवून झाकण सावकाश उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळे मिटले.

"अजून अडतंय."

"फिरतंय की काका."

"मिटताना फिरतंय. पार सपाट उघडतं ना, तिथं शेवटाला अडतंय. दर वेळी त्याच जागी. फट सगळीकडं कमी असती तर सगळीकडं घासलं असतं. कुठंतरी कड वाढलीय. छापताना झाकण कसं असतं?"

"सपाट. पूर्ण उघडं."

"मग खालच्या बाजूला बघ."

मी डबी उलटी केली. प्रत्येक नळकांड्याच्या तळाशी, जिथे ते पाटाला टेकलं होतं, पहिल्या थराची बारीक झालर बाहेर आली होती. झाकण सपाट उघडलं की समोरासमोरच्या दोन्ही झालरी एकमेकींना भिडत. झाकण वळलं की त्या एकमेकींपासून दूर जात आणि घर्षण संपे. भिंग हाताशी असूनही जे मला दिसलं नव्हतं, ते त्यांना डोळे मिटून कळलं होतं.

"कड मार," ते म्हणाले. "खालून तिरकी घास. छापायच्या आधीच, तुझ्या कॉम्प्युटरमधी."

त्याप्रमाणे मी नळकांड्यांच्या तळाच्या कडा चित्रातच तिरक्या कापल्या आणि फट चारची केली. झाकण अगदी किंचित हलतं, पण मिटताना जागेवर बसतं. झाकणाला अंगठा टेकेल अशी एक ओठासारखी कडही दिली. छापून पाटावरून काढली आणि काही न करता, नुसती तिरकी धरली तर झाकण आपल्या वजनाने मिटलं.

थळला नेऊन दिली, तेव्हा काकांनी ती आधी डाव्या हाताने तपासली. मग उजवा हात उचलून डबीवर आणला. अंगठा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा झाकण उघडलं. त्यांनी ते परत मिटलं आणि परत उघडलं.

पुढे ते अधूनमधून दुकानात यायला लागले. दुसऱ्यांच्या कामातल्या फटी विचारतात, पट्ट्या हातात घेऊन पाहतात, चुकलं तर सांगतात. माझ्याशी त्यांचं वागणं पहिल्यासारखंच आहे, आणि तेच मला जड जातं. काकू मात्र सोबत आल्या तरी दुकानात येत नाहीत. समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून राहतात. एकदा मी पाणी घेऊन गेले आणि पुन्हा माफी मागितली. त्यांनी पाणी घेतलं.

"त्यांनी सोडलं असंल," त्या म्हणाल्या. "ते पंधरा दिवस मी बघितलेत."

मी रिकामा ग्लास घेऊन परत आले.