मुद्दा चौथा, नमुना फोटो तिसरा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. हसनाबादेत माझे कॉम्प्युटर क्लासेस होते. पोरांनी मोबाइल हातात घेतल्यावर क्लासला कुणी येईनासं झालं, तेव्हा सात जुने कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर घेऊन मी फोटोवर खुणा करायचं काम घेणं सुरू केलं. कुठल्या तरी कंपनीला शेतातला कापूस ओळखणारं यंत्र शिकवायचं होतं. आपण फोटोतल्या फुललेल्या बोंडाभोवती चौकोन काढायचा. असे चाळीस फोटो झाले की एक बॅच. ती कंपनीचा तपासनीस बघतो आणि पास किंवा नापास करतो. आपल्याला तो दिसत नाही, त्याचं नाव कळत नाही. त्याचा शेरा तेवढा येतो.

मालनबाई माझ्याकडे कामाला आल्या तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या. सातवी पास, आणि तीही कधीकाळी. घरची सात एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, त्यातली निम्मी वेचणी त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. कंपनीची प्रवेश परीक्षा त्या दोनदा नापास झाल्या. त्यांचा मुलगा सोमेश्वर आमच्या दारात येऊन म्हणाला, "गजाननभाऊ, तिला घरी पाठवा. तिच्याच्यानं होणार न्हाई. लोक हसून राह्यले." मालनबाईंनी माउसवरचा हात काढला नाही. तिसऱ्यांदा त्या पास झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले. गावात त्यांना लोक सोमेश्वरची आई म्हणूनच ओळखतात. कंपनीच्या पडद्यावर मात्र वरच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं नाव यायचं, आणि कॉम्प्युटर चालू केला की त्या आधी तिकडे बघायच्या. मी हे पाहिलेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांची एक बॅच नापास झाली, आणि ती रास्त नापास झाली. नुसत्या तडकलेल्या, कापूस अजून बाहेर न आलेल्या बोंडांवरही त्यांनी चौकोन काढले होते. मी विचारलं, असं का केलं? तर म्हणाल्या, "परवा फुटणारच हायत ना ती. वेचणीला किती बाया लागतील ते सांगताना आम्ही तशीच मोजतो." शेतात ते बरोबरच आहे. पण यंत्राला परवाचं काय करायचंय? कंपनीचा नियम असा की नव्वद टक्क्यांच्या खाली दोन बॅचेस कायमच्या नापास झाल्या, तर त्या माणसाला प्रकल्प बंद. परत परीक्षा नाही, परत प्रवेश नाही. मालनबाईंची एक झाली होती.

त्या दिवसापासून त्यांनी नवीनच टूम काढली. कामाचं वर्णन म्हणून एक पान असतं, कॉम्प्युटरवर डाव्या बाजूला. बारीक अक्षरात अकरा मुद्दे आणि खाली सहा नमुना फोटो. आमच्यातलं कुणी ते उघडत नसे. मालनबाईंनी ते शंभर पानी वहीत उतरवून काढलं, शब्दाला शब्द. नमुना फोटोंच्या जागी चित्रं काढली. मी चिडवायचो, "मालनबाई, पोथी लावली का?" त्या हसायच्या आणि मुद्दा चौथा परत वाचायच्या. फोटोमागे फोटो ताडून बघायच्या. बाकीच्या बाया दोन बॅचेस करायच्या तेवढ्या वेळात यांची एक व्हायची. मला त्याचाही राग यायचा.

आणि मग दिवाळीनंतर त्यांची बॅच नापास होऊन आली. चाळीसपैकी नऊ फोटो चूक, साडेसत्त्याहत्तर टक्के. शेरा एका ओळीचा: तडकलेली बोंडं सुटली आहेत, काम काळजीपूर्वक करावे.

मी तो शेरा तीनदा वाचला. ज्या गोष्टीसाठी बाईला पहिल्यांदा नापास केलं, ती केली नाही म्हणून आता नापास. डोकं फिरायला आणखी काय लागतं? हरकत नोंदवायला बहात्तर तास असतात आणि हरकत एकदाच घेता येते. मजकूर आठशे अक्षरांत बसवायचा. ती फेटाळली की नापास कायम, आणि मालनबाईंचं नाव त्या कोपऱ्यातून जाणार.

मी त्यांना उठवलं आणि स्वतः बसलो. लिहिलं की आमचा जन्म कापसात गेला, तुम्ही कापूस फक्त शर्टावर बघितला असेल. ज्या बाईनं चाळीस हंगाम वेचणी केली तिला बोंड ओळखायला तुम्ही शिकवता काय? एसीत बसून गरिबाच्या कामावर लाल शाई मारणं सोपं असतं. आणखी दोन वाक्यं होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मला फार बरं वाटलं. वाचून दाखवलं तर मागे बसलेल्या तृप्तीनं टाळी वाजवली. ही तृप्ती बीकॉम झालेली, आमच्यातली सगळ्यात शिकलेली.

मालनबाई म्हणाल्या, "भाऊ, यात बोंड कुठंय?"

"म्हणजे?"

"त्यानं म्हटलं बोंडं सुटली. तुम्ही त्याचा शर्ट काढला, एसी काढला. सुटली का न्हाई सुटली, ते कुठं लिवलं?"

"अहो, तुम्ही चाळीस वर्षं कापूस वेचला, हे लिहिलंय ना."

"मंग तर मीच खोटी पडते. शेतातल्या हिशेबानं तडकलेलं बी मोजतात. त्याच हिशेबानं तर मागं मी नापास झाल्ते." त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही वर्णन वाचलं का?"

मी म्हटलं, वर्णन वाचायला वेळ कुणाला आहे. त्या म्हणाल्या, "हे वाचून त्यो चिडंन. चिडल्यावर फोटो परत उघडीन का? मला त्यानं फोटो उघडायला पाह्यजेत."

मग त्यांनी जे चालवलं ते बघून मी दोनदा चहाला बाहेर गेलो. नऊच्या नऊ फोटो त्या एकेक करून मोठे करून बघत बसल्या. स्वतःचंच काम, जणू दुसऱ्या कुणाचं तपासतायत. तृप्ती वैतागून म्हणाली, "मावशी, वेळ जाऊन राह्यला." त्या म्हणाल्या, "जाऊ दे." सतराव्या फोटोपाशी त्या थांबल्या. पानाच्या मागे एक पूर्ण फुललेलं बोंड होतं, पांढरंशुभ्र, आणि त्याच्याभोवती चौकोन नव्हता.

"हे माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"ते लिहू नका," मी म्हटलं. "वकील कधी असं लिहितो का? नऊला नऊ भांडायचं."

"त्यानं हे एक बराबर धरलंय. ह्येच्यावर खोटं बोलले तर बाकी आठावर त्यो कशाला इश्वास ठिवीन?"

मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी वहीत चार वेळा मजकूर लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. मग एका बोटानं तो टाइप केला. तो माझ्याकडे अजून आहे:

"नमस्कार. आपण माझी बॅच तपासली त्याबद्दल आभारी आहे. तडकलेली बोंडे सुटली असा आपला शेरा आहे. कामाच्या वर्णनात मुद्दा ४ असा आहे: 'कापूस बोंडाबाहेर फुललेला दिसत असेल तरच खूण करावी. नुसते तडकलेले बोंड सोडावे.' नमुना फोटो ३ मध्ये तडकलेल्या बोंडावर लाल फुली आहे. फोटो क्रमांक ३, ८, ११, १४, २२, २६, ३१ आणि ३८ यांत तशीच बोंडे आहेत, म्हणून सोडली. फोटो १७ मध्ये पानामागचे फुललेले बोंड माझ्याकडून सुटले. ती चूक मान्य आहे. कृपया बाकीचे आठ फोटो मुद्दा ४ शी ताडून पुन्हा पाहावेत. माझ्या समजण्यात चूक असेल तर कोणता मुद्दा लागतो ते सांगावे, म्हणजे पुढे तसे करीन."

मला ते फार मिळमिळीत वाटलं. आभारी कशाबद्दल? मी म्हटलं, एक तरी वाक्य कडक टाका. त्या म्हणाल्या, "आठ फोटोंचे आकडे टाकले ना." आणि त्यांनी बटण दाबलं. हरकत पहिल्या तपासनिसाकडे जात नाही, त्याच्या वरच्या माणसाकडे जाते, हे मला तेव्हा माहीत होतं. त्यांना नव्हतं. ज्यानं नापास केलं तोच वाचणार असं धरून त्यांनी ते सगळं लिहिलं होतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. निकाल लागेपर्यंत त्यांना नवीन काम मिळत नव्हतं, तरी त्या रोज अकराला येत, रिकाम्या पडद्यासमोर बसत आणि वही वाचत. सोमेश्वर एकदा दारातून डोकावला आणि निघून गेला. मला त्याचा राग आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त मालनबाईंचा आला, कारण त्यांना राग येत नव्हता. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "लई आल्ता. पण त्यो टाइप करायला बसले असते तर आठशे अक्षरं पुरली नसती."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "हरकत मान्य. आठ फोटो वर्णनानुसार बरोबर. फोटो १७ ची चूक कायम. बॅच पास, साडेसत्त्याण्णव टक्के. तपासनिसाला मुद्दा ४ कळवला आहे." तृप्तीनं मोठ्यानं वाचलं. मालनबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग वहीत सतरा नंबर लिहून त्यापुढे 'पान उचलून बघावं' असं लिहिलं, आणि त्या दिवशीची पहिली बॅच उघडली.

फेब्रुवारीत कंपनीला मराठी तपासनीस हवे होते. ज्यांच्या हरकती मान्य झाल्या त्यांना त्यांनी विचारलं. मालनबाई परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाल्या. आता त्या माझ्याच खोलीत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर इतरांच्या बॅचेस तपासतात. कुणाची बॅच आहे हे तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि त्या कधी विचारतही नाहीत.

मागच्या आठवड्यात दोन बाया आल्या नाहीत, म्हणून मी स्वतः एक बॅच केली. मी शिकवणारा माणूस, तासाभरात संपवली. संध्याकाळी निकाल आला, नापास. मी खुर्चीवरून उठलोच. हरकतीचा चौकोन उघडला आणि पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा. मग खाली शेरा दिसला.

"आपण काम जल्दी दिले त्याबद्दल आभार. मुद्दा ६ आणि नमुना फोटो २ पाहावा. फोटो ५, ९, २०, २७ आणि ३३ त्याच्याशी ताडून पाहावेत. बाकी काम बराबर आहे. माझे चुकत असेल तर मुद्दा सांगून जरूर हरकत घ्यावी."

मी कोपऱ्याकडे बघितलं. मालनबाई चष्मा नाकावर ओढून पडद्यात डोकं घालून बसल्या होत्या. मी लिहिलेलं वाक्य पुसलं. मग डाव्या बाजूचं ते पान उघडलं आणि पहिल्यांदाच मुद्दा एकपासून वाचायला लागलो.