सेव्ह केलेला नंबर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. एका बाईचा धंदा माझ्या चुकीमुळे बसला. चूक मला कळली तेव्हा सुधारता येण्यासारखी होती. मी ती अशी सुधारली की कोणाला पत्ता लागू नये, आणि गप्प बसलो. त्याला आता तीन वर्षं झाली.

क्रांती चौकातून आत वळलं की एका गल्लीत माझं डिझाइनचं दुकान आहे. पूर्वी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या एवढंच काम असायचं. मग लोक ईमेलची सही आणि मोबाईलवरचं कार्ड मागायला लागले आणि मीही ते शिकलो. ईमेलची सही म्हणजे मेलच्या तळाशी आपोआप येणारं नाव, हुद्दा, फोन वगैरे. कार्ड म्हणजे इंटरनेटवरचं एक छोटं पान. चौकोनी कोड मोबाईलने स्कॅन केला की ते उघडतं.

त्या बाई मूळच्या पिशोरच्या. नवऱ्याची नोकरी शहरात होती, आणि त्यांनी स्वतः वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवायचं मशीन टाकलेलं. कारखान्यांना माल पॅक करायला लागतात ती खोकी. गिऱ्हाइकं दोनच, तीही ओळखीतली. उद्योगवाल्यांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात त्यांनी स्टॉल घेतला होता. पहिल्याच दिवशी काउंटरवर हात टेकून त्यांनी सांगून टाकलं, "भाऊ, ह्या प्रदर्शनात गिऱ्हाईक नाय लागलं तर शेड सोडावी लागंल. घरच्यांना तसा शब्द दिलाय."

मी मन लावून काम केलं. हे सांगतोय ते सुटका म्हणून नाही, खरं आहे म्हणून. त्यांची जुनी सही पाहिली तर गुलाबाचं चित्र, खाली दोन सुविचार, चार रंग आणि तीन फोन नंबर.

"ताई, हे सगळं काढायचं."

"गुलाब पण?"

"गुलाब आधी."

"लई निर्दयी आहात हो."

मी त्यांना चार ओळींची सही करून दिली: नाव आणि काम, कंपनी, एक नंबर, कार्डाची लिंक. सगळं साध्या अक्षरांत, चित्र नाही, कारण चित्र पुष्कळदा समोरच्याच्या मेलमध्ये उघडतच नाही, नुसता रिकामा चौकोन दिसतो. त्यांना सहीत कोडही हवा होता. मी विचारलं, "मेल मोबाईलवर वाचणारा माणूस तोच मोबाईल त्याच्याच स्क्रीनवर कसा धरणार?" त्या हसल्या. म्हणाल्या, "हे आमच्या ध्यानातच नाय आलं." सहीत लिंक ठेवली आणि कोड गेला स्टॉलवरच्या उभ्या बॅनरवर. काळा कोड, पांढरी जमीन, चारही बाजूंनी मोकळी किनार. पाच फुटांवरून स्कॅन व्हायचा तर अर्ध्या फुटाचा हवा, म्हणून तेवढा घेतला. पानाचा पत्ता आखूड ठेवला, म्हणजे कोडात ठिपके कमी येतात आणि जुन्या मोबाईललाही तो पटकन सापडतो.

एका गोष्टीवर त्या अडल्या. "भाऊ, बॅनरवर नंबर मोठा टाका. आमचे लोक नंबर बघून फोन लावतात."

"कोडात आहे की. नंबर टाकला की सगळं भरगच्च दिसतं. कागदी कार्डंही नकोत. लोक कोड स्कॅन करतील, बटण दाबतील, तुम्ही त्यांच्या मोबाईलमध्ये."

"आणि आम्ही लोकांचे नंबर वहीत लिहून घ्यायचे का?"

"कशाला? रांग लागली तर लिहीत बसाल का?"

त्यांनी ऐकलं. मला जास्त कळतं असं त्यांना वाटलं, मलाही तसंच वाटत होतं.

पानावर तीन बटणं होती: फोन करा, व्हॉट्सअॅप करा, नंबर सेव्ह करा. पहिल्या दोन्हींत नंबर मी नव्याने टाकला, बरोबर टाकला. तिसऱ्या बटणामागे एक छोटी फाइल असते. साध्या अक्षरांची, एका ओळीत नाव, एका ओळीत कंपनी, एकात फोन, एकात ईमेल. बटण दाबलं की हे सगळं समोरच्याच्या फोनबुकात जातं. ही फाइल मी कधीच कोरी लिहीत नसे. आधीच्या गिऱ्हाइकाची घ्यायची, वरची नावं बदलायची. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. आधीचं गिऱ्हाईक होते सिल्लोडकडचे एक शेठ. त्यांचाही धंदा पॅकिंगच्या खोक्यांचाच, पण कारखाना मोठा, आणि माझं वर्षाचं कॅलेंडर-डायरीचं काम त्यांच्याकडूनच यायचं. मी नाव बदललं, कंपनी बदलली, ईमेल बदलला. तेवढ्यात लग्नपत्रिकेचा नमुना बघायला एक कुटुंब आलं. ते गेल्यावर मी फाइल सेव्ह केली. फोनची ओळ शेठचीच राहिली.

दुकानात तपासलं तेव्हा बाई समोरच होत्या. मी कोड स्कॅन केला, पान उघडलं, फोनचं बटण दाबलं आणि त्यांच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. त्यांनी तो खरोखर उचलला आणि म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलतंय?" दोघंही हसलो. सेव्हचंही बटण दाबलं. त्यांचं नाव नीट आलं. मी नाव वाचलं, नंबर वाचला नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागून हॉलचा गलका येत होता. "भाऊ, लोक स्कॅन करायलेत! एक जण म्हणला, मॅडम, एवढा साफ बोर्ड अख्ख्या हॉलमध्ये नाय. नंबर सेव्ह करतोय, सोमवारी बोलू म्हणला." मला बरं वाटलं. चहावाल्याला उगीच दोन चहा सांगितले.

सोमवार गेला, आठवडा गेला. त्या दुकानात आल्या, बसल्या नाहीत. "एक फोन नाय, भाऊ." मी पान तपासलं, कोड तपासला, फोनचं बटण दाबलं. मोबाईल वाजला. "सगळं चालू आहे, ताई. लोक वेळ लावतात," मी म्हणालो. दोन मेल आले होते, दोन्ही त्यांना काहीतरी विकणाऱ्यांचे. खोकी घेणारा माणूस मेल लिहीत नाही, फोन करतो. तेव्हाही मी सेव्हचं बटण दाबून पाहिलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी शेठ आले. खुर्चीत बसायच्या आधीच हसत होते.

"काय रे आर्टिस्ट, कमाल केलीस! अनोळखी लोकांचे फोन येतात, प्रदर्शनात कोड स्कॅन केला, खोकी पाहिजेत म्हणतात. आणि गंमत काय, विचारतात, मॅडम आहेत का?"

मॅडम म्हणजे कोण ते मला लगेच कळलं.

"मग तुम्ही काय सांगता?"

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत, मला सांगा!" ते मांडीवर थाप मारून हसले. मग जरा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग, मुद्दाम केलंस ना माझ्यासाठी?"

'नाही' म्हणायला एक क्षण लागला असता. मी हसलो. नुसता हसलो. त्यांनी ते हो म्हणून घेतलं. जाताना म्हणाले, "यंदा डायऱ्या वाढवू," आणि वाढवल्याही.

ते गेल्यावर मी फाइल उघडली. फोनच्या ओळीत शेठचा नंबर होता. तो काढून बाईंचा टाकला. पाच मिनिटांचं काम. कोड बदलावा लागला नाही, बॅनर बदलावा लागला नाही. कोड फक्त पानाकडे नेतो, पानामागचं काहीही बदला, त्याला फरक पडत नाही. गिऱ्हाइकांना ही सोय मी नेहमी अभिमानाने सांगतो. त्या दिवशी ती माझ्याच कामी आली. आता कोणीही, कुठूनही तपासलं असतं तरी सगळं बरोबरच निघालं असतं. पण हॉलमध्ये ज्यांनी आधीच सेव्ह केलं होतं त्यांच्या मोबाईलमध्ये बाईंच्या नावापुढे शेठचाच नंबर होता. तो मला बदलता येणार नव्हता.

फोन करणाऱ्या प्रत्येकाचा नंबर शेठच्या मोबाईलमध्ये होता. मी बाईंना त्याच दिवशी सांगितलं असतं, शेठकडे यादी मागितली असती, तर त्यातली निम्मी माणसं तरी परत मिळाली असती. मी स्वतःला समजावलं की शेठ देणार नाहीत. मागून पाहिलं नाही. मागायचं म्हणजे आधी ते हसू परत घ्यावं लागलं असतं, आणि बहुतेक ते मोठं गिऱ्हाईकही गेलं असतं.

बाईंनी दोन महिने वाट पाहिली. मग मशीन विकलं, शेड सोडली, आणि दुसऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर म्हणून लागल्या. हे मला इकडून तिकडून कळलं. मी ऐकून घेतलं आणि कामाला लागलो.

एवढं सगळं आज लिहायला बसलो ते मागच्या आठवड्यामुळे. त्या परत दुकानात आल्या. बरोबर बहिणीची मुलगी होती, नुकतीच पदवी झालेली, नोकरीच्या अर्जांसाठी तिला ईमेलची सही हवी होती. बाई तिला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांनीच माझी केलती. लई साफ काम. लोक उभं राहून बघायचे."

मुलीने विचारलं, "मग मावशी, ऑर्डरी का नाय आल्या?"

"कार्डात काय खोट नव्हती गं. माझंच बोलणं कमी पडलं. इंग्रजी नाय, काय नाय. गावाकडचं बोलले, लोकांनी तोंडावर गोड बोलून सोडून दिलं. तू नीट शीक बोलायला."

हे त्यांनी रडून सांगितलं नाही. शिळी बातमी सांगावी तसं सांगितलं. तीन वर्षं त्या असंच समजून आहेत, आणि आता मुलीलाही तेच शिकवत होत्या. मी मुलीची सही केली. फोन नंबर तीनदा वाचला, तिला मोठ्याने वाचायला लावला. बाई म्हणाल्या, "बघ, किती बारीक लक्ष आहे." मी मान खाली घालून प्रिंट काढत राहिलो. त्या गेल्या.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, बरोबर आहे. मी त्यांना एवढं सांगायचं देणं लागतो: तुमचं बोलणं कमी पडलं नाही, लोकांनी फोन केले होते, ते मी टाकलेल्या चुकीच्या नंबरावर गेले, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही.